नाळ एकीकडे, वाट दुसरीकडे

दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे आणि माणसे, मोटारी घेऊन फेरीबोट ती ओलांडते. भरतीला पाणी खाडीत आत शिरते, ओहोटीला समुद्राकडे धाव घेते. धक्के मात्र जागचे हलत नाहीत. अशा पाण्यात बोटीचे तोंड सरळ धक्क्यावर रोखून ठेवले, तर ती धक्क्याला लागत नाही, बाजूला वाहवत जाते. म्हणून पाण्याला जोर असला की तोंड प्रवाहाविरुद्ध थोडे तिरपे धरावे लागते. किती तिरपे, याचे उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिशांच्या धड्यात मिळते. तो धडा सूत्रांनी सुरू होतो म्हणून अवघड वाटतो. होडीपासून सुरुवात केली, तर सूत्रे मागाहून आपसूक येतात.

हिशेब सोपा राहावा म्हणून एक सरळ नदी घेऊ. पात्र ३०० मीटर रुंद. पाणी सेकंदाला १.५ मीटर वेगाने वाहते. होडी संथ पाण्यात सेकंदाला २.५ मीटर जाते. यातला ‘संथ पाण्यात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इंजिन किंवा वल्हे होडीला पाण्याच्या संदर्भात ढकलते; काठाशी त्याचा काही संबंध नाही. होडीच्या बाजूने जलपर्णीचा पुंजका वाहत असेल, तर त्या पुंजक्यावरून पाहणाऱ्याला होडी नेहमी नाळेच्या दिशेनेच, २.५ मीटरने जाताना दिसेल. त्याला प्रवाह जाणवणारच नाही, कारण तो स्वतः प्रवाहाबरोबर चालला आहे. काठावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र होडी आणि तिच्याखालचे पाणी अशा दोन्ही गती एकदम दिसतात. सापेक्ष वेगाचा सगळा विषय एवढ्यात आला: काठावरून दिसणारा होडीचा वेग म्हणजे पाण्याच्या संदर्भातला तिचा वेग अधिक पाण्याचा स्वतःचा वेग.

ही ‘अधिक’ची बेरीज आकड्यांची नाही, बाणांची आहे. अडीच आणि दीड मिळून चार होतात ते फक्त होडी प्रवाहाच्या दिशेने जात असेल तेव्हा. उलट दिशेने गेली, तर एकच उरतो. नाळ समोरच्या काठाकडे सरळ रोखली, तर दोन बाण काटकोनात येतात आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, सुमारे २.९ मीटर.

आता होडी पलीकडे किती वेळात पोचेल? इथे पुष्कळ विद्यार्थी ३०० ला २.९ ने भागतात आणि १०३ सेकंद असे उत्तर काढतात. उत्तर चुकते, आणि का चुकते ते कळले की अर्धा विषय कळला. २.९ मीटर हा वेग तिरप्या वाटेवरचा आहे, ३०० मीटर ही रुंदी मात्र सरळ समोरची. वेग ज्या दिशेचा, अंतरही त्याच दिशेचे हवे. समोरच्या दिशेने होडीचा वेग २.५ मीटरच आहे, कारण प्रवाह काठाला समांतर वाहतो आणि त्याचा समोरच्या दिशेला कणभरही वाटा नाही. म्हणून वेळ ३०० भागिले २.५, म्हणजे १२० सेकंद. प्रवाह दुप्पट झाला, तरी नाळ सरळ समोर धरलेल्या होडीला १२० सेकंदच लागतील. फरक पडेल तो वाहवत जाण्यात. दीड मीटरच्या प्रवाहात १२० सेकंदांत होडी १८० मीटर खाली लागते. हवे तर ताळा करून पाहा: तिरपी वाट सुमारे ३५० मीटर भरते आणि तिला २.९ ने भागले, तर पुन्हा १२० च्या आसपासच येतात.

कुणाला वाटेल, नाळ प्रवाहाबरोबर तिरपी केली तर पाण्याची मदत मिळून लवकर पोचू. काठावरून होडी खरेच जास्त वेगाने जाताना दिसेल. पण नाळ ४५ अंश खाली वळवली, की तिच्या २.५ मीटरपैकी समोरच्या दिशेला सुमारे १.७७ मीटरच उरतात. पार व्हायला १७० सेकंद लागतात आणि होडी साडेपाचशे मीटर खाली जाऊन लागते. वाढलेला सगळा वेग नदीच्या लांबीत खर्च होतो.

धक्का बरोबर समोर असेल, तर मात्र वाहवत जाऊन चालत नाही. मग प्रश्न उलटा होतो: काठावरून दिसणारी वाट सरळ हवी, तर नाळ कुठे धरायची? कागदावर अर्ध्या मीटर वेगाला एक सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. होडी जिथून सुटते त्या बिंदूतून प्रवाहाच्या दिशेने तीन सेंटिमीटरचा बाण काढा; हे पाणी. त्याच सुटण्याच्या बिंदूतून समोरच्या काठाकडे एक लंबरेषा काढा. कंपासमध्ये होडीचे पाच सेंटिमीटर घेऊन, टोक पाण्याच्या बाणाच्या अग्रावर ठेवून लंबरेषेला छेद द्या. बाणाच्या अग्रापासून छेदापर्यंतची रेषा म्हणजे नाळेची दिशा: सरळ समोरपासून प्रवाहाविरुद्ध सुमारे ३७ अंश. लंबरेषेवर कापले गेलेले चार सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला दोन मीटर, हा खरा पार जाण्याचा वेग.

घटकांच्या भाषेत सांगायचे, तर होडीच्या २.५ मीटरचे दोन भाग झाले. १.५ मीटर प्रवाहाला थोपवण्यात गेले आणि दोन मीटर उपयोगाचे राहिले. पार व्हायला १५० सेकंद लागतात. बरोबर समोर लागायचे म्हणून तीस सेकंद जास्त मोजावे लागले. लवकरात लवकर पोचणे आणि बरोबर समोर पोचणे हे दोन वेगळे हेतू आहेत आणि प्रश्न वाचताना कोणता विचारला आहे, हे आधी पाहायला हवे.

खऱ्या नदीत एक अडचण येते. काठाजवळ पाणी मंद आणि मधल्या खोल धारेत वेगवान असते. एकाच कोनात धरलेली होडी काठाजवळ प्रवाहाविरुद्ध थोडी सरकते, मध्यभागी खाली ओढली जाते आणि तिची वाट वाकडी होते. सरळच जायचे, तर कोन सतत बदलावा लागतो. तो बदलायचा केव्हा, हे कळायला गणित लागत नाही. पलीकडच्या काठावर एकामागे एक असलेल्या दोन खुणा हेरायच्या, समजा काठावरचे झाड आणि मागच्या टेकडीवरचे देऊळ. दोन्ही एका रेषेत दिसत आहेत तोवर होडी त्याच रेषेवर आहे. मागचे देऊळ झाडाच्या खालच्या अंगाला सरकू लागले, की पाणी आपल्याला खाली नेत आहे. नाळ आणखी वर घ्यायची.

पावसाळ्यात प्रवाह तीन मीटरवर गेला तर? पाण्याचा बाण आता सहा सेंटिमीटरचा झाला आणि पाच सेंटिमीटरचा कंपास लंबरेषेपर्यंत पोचतच नाही. सगळा जोर प्रवाहाविरुद्ध लावला, तरी तो थोपत नाही, मग पार जायला काय उरणार? बरोबर समोर लागणे आता कोणत्याही कोनात शक्य नाही. कमीत कमी वाहवत जाणे एवढेच हाती राहते. त्यासाठी कंपासने पूर्ण वर्तुळ काढायचे आणि सुटण्याच्या बिंदूतून त्याला स्पर्शिका काढायची. ती होडीची वाट. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून इथे नाळ आणि प्रत्यक्ष वाट यांच्यात काटकोन होतो. नाळ सुमारे ५६ अंश वर धरली, तर होडी जवळजवळ २०० मीटर खाली लागते; सरळ समोर धरली असती, तर ३६० मीटर. वेळ मात्र १२० सेकंदांऐवजी २१७ सेकंद लागतो. एवढे २०० मीटरही टाळायचे असतील, तर ते पार होताना टळत नाहीत, सुटण्याआधीच भरून काढावे लागतात: काठालगतच्या मंद पाण्यातून होडी तेवढे अंतर वर न्यायची आणि मग धारेत सोडायची.