एक गोदाम, दोन लेजर

दोन वह्या, दोन नंबर नव्हे

‘आमच्या कंपनीत दोन वह्या ठेवतात’ असे कोणी मेहकरच्या बाजारात म्हणाले, तर ऐकणारा भुवया उंचावेल. ईआरपीतल्या दोन लेजरांचा मामला मात्र उजेडातला आहे. दोन्ही वह्या एकाच संगणकात असतात, दोन्ही लेखापरीक्षकासमोर जातात आणि व्यवहारांचे कागदही दोघींना तेच. फरक असतो तो फक्त हिशेबाच्या नियमांत.

असे का लागते, हे एका कल्पित पण रोज घडणाऱ्या उदाहरणावरून पाहू. समजा, सोयाबीनवर प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीने हिवरा आश्रम परिसरात माल साठवायला गोदाम भाड्याने घेतले. भाग सोयाबीनचा आणि समृद्धी महामार्गही याच मेहकर तालुक्यातून जातो, त्यामुळे अशा जागेला मागणी असायला हरकत नाही. कंपनी नोंदवलेली भारतात, पण तिची मालक कंपनी युरोपातल्या शेअर बाजारात सूचिबद्ध आहे. युरोपीय संघातल्या अशा कंपन्यांना २००५ पासून एकत्रित हिशेब आयएफआरएसनुसार द्यावे लागतात. आपली कंपनी मात्र शेअर बाजारात नाही, तिचे नक्त मूल्य २५० कोटींच्या आत आहे आणि तिच्या वरची भारतीय कंपनीही नाही. म्हणून तिला इंड-एएस लागू होत नाही. भारतात ती जुन्या लेखामानकांनुसार, म्हणजे एएसनुसार ताळेबंद सादर करते.

एकाच भाड्याला दोन नियम

गोदामाचा करार तीन वर्षांचा आहे. भाडे वर्षाला १० लाख रुपये, दर वर्षाच्या शेवटी द्यायचे. आकडेमोड सुटसुटीत राहावी म्हणून दोन्ही वह्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च धरू.

भारतीय एएस १९ नुसार हा साधा ‘ऑपरेटिंग’ भाडेपट्टा ठरतो. दर वर्षी १० लाखांचा खर्च नफा-तोटा पत्रकात टाकला की काम झाले. ताळेबंदात गोदामाचा मागमूसही नसतो.

आयएफआरएस १६ हे मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे आणि त्याचे म्हणणे वेगळे. तीन वर्षे ते गोदाम वापरण्याचा हक्क ही तुमची मालमत्ता आणि तीन वर्षांचे भाडे हे तुमचे देणे. दोन्ही आजच्या किमतीला मांडा. कंपनीला कर्ज १० टक्क्यांनी मिळत असेल, तर १० लाखांच्या तीन हप्त्यांची आजची किंमत २४,८६,८५२ रुपये होते. तेवढी मालमत्ता आणि तेवढेच देणे पहिल्याच दिवशी ताळेबंदावर येते. पुढे मालमत्तेवर घसारा आणि देण्यावर व्याज लागते, ‘भाडे’ असा खर्च उरतच नाही.

सगळ्यांची नोंद आणि एकीचीच नोंद

एसएपीच्या एस/४हानामध्ये यासाठी किमान दोन लेजर असतात. एक प्रमुख लेजर, त्याचे ठरलेले नाव 0L. परदेशी समूहात ते बहुधा आयएफआरएसला दिलेले असते. स्थानिक नियमांसाठी दुसरे लेजर असते, त्याला आपण 2L म्हणू. सगळ्या ओळी ACDOCA नावाच्या एकाच तक्त्यात साठतात आणि कोणती ओळ कोणत्या लेजरची, हे RLDNR या रकान्यावरून कळते.

वर्षाअखेरी गोदाममालकाचे बिल आले की लेखापाल ते नेहमीसारखे नोंदवतो: भाडे खर्च नावे, मालकाचे खाते जमा. इथे लेजर निवडायचे नसते. नोंद आपोआप 0L आणि 2L अशा दोन्हींत उमटते. जीएसटी, टीडीएस आणि बँकेतून गेलेली रक्कम यांचेही तसेच. मालकाला पैसे एकदाच द्यायचे आहेत आणि सरकारला करही एकदाच, त्यामुळे या गोष्टींना दोन रूपे असण्याचे कारण नाही. रोजच्या कामातल्या बहुतेक नोंदी अशाच सामायिक असतात.

वेगळेपणा येतो तो चार नोंदींत. पहिली, कराराच्या आरंभी: वापरहक्क मालमत्ता नावे, भाडेपट्टा देणे जमा, २४,८६,८५२. दुसरी, वर्षाअखेरी व्याजाची: व्याज नावे, देणे जमा, २,४८,६८५. तिसरी, घसाऱ्याची: ८,२८,९५१. चौथी नोंद सामायिक बिलातून 0L मध्ये आलेले भाडे मागे घेते: देणे नावे, भाडे खर्च जमा, १०,००,०००. या चारही नोंदी FB50L या व्यवहारातून करायच्या आणि लेजर ग्रुपच्या चौकटीत 0L लिहायचे. 2L ला त्यांचा पत्ताही लागत नाही.

चौथ्या नोंदीत मालकाचे खाते नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. पुरवठादार किंवा ग्राहकाचे खाते एकाच लेजरात हलवायला यंत्रणा परवानगीच देत नाही, आणि ते रास्तच आहे. मालकाची बाकी एका वहीत १० लाख आणि दुसरीत शून्य असे झाले, तर त्याला द्यायचे किती हे सांगणार कोण? म्हणून समायोजन नेहमी खर्च, मालमत्ता, देणे अशा साध्या खात्यांतच होते. वापरहक्क मालमत्ता स्थिर मालमत्तेच्या उपवहीत ठेवली असेल, तर तिच्या नियंत्रण खात्यालाही FB50L मधून हात लावता येत नाही. तिथे मालमत्ता विभागातूनच, त्या लेखातत्त्वापुरती नोंद करावी लागते. करार पुष्कळ असले की कंपन्या हे सगळे भाडेपट्ट्याच्या स्वतंत्र मॉड्यूलवर सोपवतात. पण एका गोदामासाठी चार हाती नोंदी पुरतात आणि आत काय चालले आहे तेही दिसते.

तीन वर्षांत काय दिसते

2L मध्ये तिन्ही वर्षी खर्च १०,००,०००. 0L मध्ये पहिल्या वर्षी व्याज आणि घसारा मिळून १०,७७,६३६. दुसऱ्या वर्षी देणे घटून १७,३५,५३७ झालेले असते, त्यामुळे व्याज १,७३,५५४ वर येते आणि एकूण खर्च १०,०२,५०५. तिसऱ्या वर्षी ९,१९,८५९. बेरीज दोन्हीकडे ३० लाखच. बदलला तो खर्चाचा क्रम. व्याज सुरुवातीला जड आणि नंतर हलके असल्यामुळे आयएफआरएसच्या वहीत पहिले वर्ष महाग दिसते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी 0L मध्ये मालमत्ता उरते १६,५७,९०१ आणि देणे १७,३५,५३७. फरक ७७,६३६, म्हणजे त्या वर्षीच्या जादा खर्चाइतकाच. हा ताळा बसला नाही तर चारांपैकी एखादी नोंद चुकली आहे असे समजावे. दुसऱ्या वर्षाअखेरी फरक ८०,१४१ होतो आणि तिसऱ्या वर्षी शून्यावर येतो.

या फरकावर स्थगित कराची नोंदही लागते आणि तीसुद्धा 0L मध्येच. कंपनीने सवलतीचा २५.१६८ टक्के दर घेतला असेल, तर पहिल्या वर्षी १९,५३९ रुपयांची स्थगित कर मालमत्ता उभी राहते. ही पाचवी नोंद हमखास विसरली जाते, कारण भाडेपट्ट्याचे काम एका टेबलावर होते आणि कराचे दुसऱ्या.

आणखी एक गंमत. व्यवस्थापनाचे अहवाल प्रमुख लेजरवरून काढले, तर गोदामाच्या नावावर भाडे शून्य दिसते आणि व्याज-घसाऱ्यापूर्वीचा नफा १० लाखांनी वाढलेला दिसतो. गोदामाचा व्यवस्थापक मालकाला दर वर्षी पैसे जाताना पाहत असतो. त्याचा या अहवालावर विश्वास बसला नाही, तर त्याला दोष देता येणार नाही.

ताळा बसतो, तरी चूक असते

समजा, चौथी नोंद करताना लेखापालाने लेजर ग्रुपची चौकट रिकामी सोडली. रिकामी चौकट म्हणजे सगळी लेजरे. मग 2L मधलाही १० लाखांचा भाडे खर्च पुसला जातो आणि भारतात सादर होणारा नफा तेवढ्याने फुगतो. तेरीज मात्र बिनतक्रार जुळते, कारण चुकीच्या नोंदीतही नावे आणि जमा सारखेच होते. प्रत्येक लेजर आपापल्यापुरते तोलात असते, म्हणून तेरीज जुळण्यावर इथे विसंबता येत नाही.

चूक सापडते ती दोन लेजरे खातेवार शेजारी ठेवल्यावर. भाडेपट्टा देणे या खात्यात 2L मध्ये कधीच काही असू नये, तिथे आता १० लाखांची नावे बाकी दिसेल. उलट बाजूने, भाडे खर्चाच्या खात्यात दोन लेजरांत नेमका १० लाखांचा फरक हवा, तो शून्य दिसेल. म्हणून एकाच वहीत वापरायची खाती वेगळी काढून त्यांच्या नावातच ‘आयएफआरएस’ लिहिण्याची काही कंपन्यांची रीत मला शहाणपणाची वाटते. चुकीच्या वहीत रक्कम दिसली की ती लगेच डोळ्यात खुपते. दुरुस्तीसाठी मूळ नोंद उलटवून ती योग्य लेजर ग्रुपने पुन्हा करावी, दुसरी ठिगळनोंद घालू नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग ठेवणे बंधनकारक आहे. त्या मागात ठिगळापेक्षा उलटनोंद समजावून सांगणे सोपे जाते.

वर्ष बदलताना बाक्या पुढे ओढण्याचे काम प्रत्येक लेजरसाठी झाले आहे का, हेही पाहावे. ते 0L साठी केले आणि 2L राहून गेले, तर नव्या वर्षात 2L मध्ये रोख, मालमत्ता, भांडवल कशाचीच आरंभीची बाकी दिसत नाही. ही चूक ढोबळ असल्यामुळे लवकर कळते. दोन्हींकडे ओढून झाल्यावर आपल्या उदाहरणात राखीव नफ्यात ५८,०९७ रुपयांचा फरक दिसला पाहिजे, म्हणजे ७७,६३६ वजा १९,५३९. दुसऱ्या वर्षाची चौकट उघडल्यावर मी आधी हाच आकडा शोधेन.

अकरा महिन्यांचा करार

आपल्याकडे जागेचे करार सर्रास अकरा महिन्यांचे असतात. आयएफआरएस १६ मध्ये बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे. कंपनीने ती घेतली, तर 0L मध्येही साधा भाडे खर्च राहतो आणि वरच्या पाचही नोंदींची गरज उरत नाही. पण मुदत म्हणजे केवळ कागदावरचे अकरा महिने नव्हेत. नूतनीकरणाचा हक्क भाडेकरूकडे असेल आणि तो वापरला जाईल याची वाजवी खात्री असेल, तर पुढचा काळही मुदतीत धरावा लागतो. कंपनीने त्या गोदामात स्वतःच्या पैशाने धान्य वाळवण्याचे यंत्र बसवले असेल, तर अकरा महिन्यांनी ती ते सोडून जाईल असे लेखापरीक्षकाला पटवणे अवघड आहे. करारात नूतनीकरणाचे कलमच नसेल आणि दोन्ही पक्ष फारसे नुकसान न होता बाजूला होऊ शकत असतील, तर सूट टिकते. त्यामुळे लेजर ग्रुपमध्ये 0L लिहिण्याआधी करारातले नूतनीकरणाचे कलम वाचावे लागते, आणि गोदामात कंपनीने काय काय बसवले आहे तेही विचारावे लागते.