दुसरी वेलांटी

मस्कतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. त्यामुळे मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं पत्रक गुरुवारी संध्याकाळपर्यंत प्रेसमध्ये पोचलं नाही, तर काम थेट रविवारवर जाणार होतं. आणि गुरुवारी दुपारी मला दिसलं, मथळ्यातच ‘दिपावली’!

ही चूक का होते, ते वर्गात अनेकदा समजावलं आहे. ‘दिवाळी’ला पहिली वेलांटी, पण ‘दीपावली’ संस्कृतातून जशीच्या तशी आलेली, म्हणून तिला दुसरी. मुद्रितशोधन माझंच होतं, त्यामुळे ओरडणार कुणावर?

पत्रक नाशिकच्या मामेभावाने केलेलं. तो प्रवासात, फोन बंद. हातात फक्त छपाईसाठी तयार पीडीएफ. मी ती इंकस्केपमध्ये उघडली आणि धस्स झालं. भावाने विकत घेतलेला फॉन्ट माझ्या संगणकावर नाही, म्हणून इंकस्केपने दुसराच बसवला. ओळी पसरल्या, जोडाक्षरं तुटली.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पीडीएफमध्ये फॉन्ट असतो, पण बहुतेकदा अख्खा नसतो. पत्रकात जी अक्षरं वापरली, तेवढ्यांचेच आकार आत ठेवलेले असतात. ते दाखवायला आणि छापायला पुरतात, पण नवा मजकूर टाइप करायला फॉन्ट संगणकावर असावा लागतो. मग टाइप न करता अक्षर बदलता येईल का? येतं, कारण मला हवी असलेली दुसरी वेलांटी त्याच शब्दात होती, ‘ली’ची!

फाइल पुन्हा उघडताना Poppler/Cairo import हा पर्याय निवडला. यात अक्षरं आतल्याच फॉन्टने रेखाटली जातात आणि प्रत्येक अक्षर एक चित्र होऊन येतं. मजकूर म्हणून ते बदलता येत नाही, पण उचलता, सरकवता येतं. गट सुटेपर्यंत Ctrl+Shift+G दाबलं. ‘द’च्या आधीची पहिली वेलांटी पुसली, ‘द’ तिच्या जागी सरकवला. ‘ली’ची वेलांटी Ctrl+D ने दुप्पट केली आणि Ctrl दाबून धरून आडवी ओढत ‘द’शेजारी आणली; Ctrl मुळे ती वरखाली हलत नाही, शिरोरेषा एका पातळीत राहते. मग खूप मोठं करून पाहिलं. दोन शिरोरेषा नुसत्या टेकल्या तर छपाईत केसाएवढी फट दिसू शकते, म्हणून एकीवर दुसरी किंचित चढवली. एक वेलांटी गेली, एक आली. शब्दाची रुंदी जवळपास तेवढीच राहिली.

आता हीच फाइल प्रेसला पाठवायचा मोह होतो. पण तसं केलं तर सगळंच पत्रक इंकस्केपच्या हातून नव्याने लिहिलं जातं आणि छपाईचे चार शाईंचे रंग पडद्याच्या रंगांत बदलतात. म्हणून मी ठिगळ लावलं. मथळ्याची पूर्ण ओळ आणि तिच्यामागे जुना मथळा झाकणारा पांढरा चौकोन, एवढंच ठेवून बाकी सगळं पुसलं आणि वेगळी पीडीएफ केली. मग क्यूपीडीएफ या मोफत साधनाने ती मूळ फाइलवर चढवली:

```
qpdf patrak.pdf --overlay thigal.pdf -- patrak2.pdf
```

पहिल्यांदा फसलं. नवा मथळा जरा लहान झाला आणि कडेने जुना डोकावू लागला. पत्रक ए-फाइव्ह, म्हणजे 148 × 210 मिलिमीटर. पण कापणीसाठी चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जास्त सोडलेले, म्हणून माझं ठिगळ 154 × 216 चं. क्यूपीडीएफ वरचं पान कापणीच्या चौकटीत बसवतं, त्यामुळे ते आक्रसलं. ठिगळाचं पान 148 × 210 केलं, आतली ओळ 3 मिलिमीटर डावीकडे आणि तेवढीच वर सरकवली. मग बरोब्बर बसलं.

शेवटी दोन्ही फाइलींवर `pdffonts` चालवून पाहिलं. फॉन्टची यादी तीच, प्रत्येकापुढे emb खाली yes. म्हणजे बाकी पत्रकाला हात लागला नव्हता.

मथळ्यामागे पांढरा कागद होता, हे माझं नशीब. रंगीत पट्टी किंवा फोटो असता तर चौकोन उठून दिसला असता. मथळ्याचा मरून मात्र आता पडद्याच्या रंगातला. म्हणूनच एक शब्द न बदलता पूर्ण ओळ बदलली, शेजारी-शेजारी दोन मरून दिसायला नकोत. प्रेसमध्ये आधी एक प्रत काढून घेतली. रंग किंचित उजळ होता, पण चालण्यासारखा.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र मी पीडीएफ पाठवली नाही, पत्रकाचं चित्र पाठवलं. फाइलमध्ये ठिगळाखाली पहिली वेलांटी अजून आहेच, आणि आमच्या मंडळात निवृत्त शिक्षक दोन आहेत.