नापास होण्याचा कोटा

गूगलच्या आत ‘चबी’ नावाची एक सेवा चालते. शेकडो संगणक एकत्र काम करत असताना त्यांतला मुख्य कोण, कुठली फाइल सध्या कुणाच्या ताब्यात आहे, असे निवाडे ती करते. ही सेवा फार क्वचित बंद पडे, आणि त्यातूनच अडचण उभी राहिली. इतर टीमनी ती कधीच बंद पडणार नाही असे गृहीत धरून आपापल्या प्रणाली तिच्यावर बांधल्या. मग एखाद्या दिवशी चबी थांबली की त्या प्रणालीही कोसळत. यावर तिथल्या अभियंत्यांनी काढलेला उपाय ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. एखाद्या तिमाहीत चबी ठरल्यापेक्षा फारच चांगली चालली, तर ती मुद्दाम थोडा वेळ बंद करायची. कोण तिच्यावर नको इतका विसंबला आहे, ते लगेच उघडे पडते.

हे ‘ठरलेले’ म्हणजे सर्व्हिस लेव्हल ऑब्जेक्टिव्ह, बोलीत एसएलओ. सेवा किती प्रमाणात नीट चालली म्हणजे पुरे, याचा आधीच लिहून ठेवलेला आकडा. बेन ट्रेनर स्लॉस यांनी 2003मध्ये गूगलमध्ये साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगची पहिली टीम उभी केली आणि पुढे या टीमच्या कामात हा आकडा मध्यवर्ती ठरला. 2016मध्ये आलेल्या ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ या गूगलच्याच पुस्तकातून ही पद्धत गूगलबाहेरही पोहोचली.

पद्धतीमागे एक जुने भांडण आहे. नवे फीचर लवकर लोकांपर्यंत जावे, असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला वाटते. रात्री फोन वाजला की उठणाऱ्याला मात्र काहीच बदलू नये असे वाटते, कारण सुमारे 70 टक्के बिघाड चालू प्रणालीत केलेल्या बदलांमुळे होतात, असा गूगलचाच अनुभव आहे. दोघांचेही बरोबर असल्याने निर्णय बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागे.

एरर बजेटने हा वाद हिशेबावर आणला. एसएलओ 99.9 टक्के असेल, तर उरलेला 0.1 टक्का हा चुकांचा मंजूर कोटा. सेवा पूर्ण बंद पडली असे धरले, तर 30 दिवसांत हा कोटा 43 मिनिटांचा होतो.

एक काल्पनिक तिकीट-सेवा घेऊ. तिच्याकडे तासाला 10,000 विनंत्या येतात, म्हणजे 30 दिवसांत 72 लाख. त्यांपैकी 7,200 फसल्या तरी चालतील. आता एका सदोष रिलीझमुळे दर पाच विनंत्यांतली एक फसू लागली आणि ते लक्षात येऊन जुनी आवृत्ती परत आणायला तास गेला, तर 2,000 विनंत्या बुडाल्या. बजेटचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग एका तासात गेला. अशी चार रिलीझ झाली की महिन्याचा कोटा संपून वर कर्ज.

तेच रिलीझ आधी फक्त 5 टक्के वाहतुकीवर सोडले, म्हणजे ‘कॅनरी’ केले, तर त्याच तासात 100 विनंत्या फसतील. बजेटला दीड टक्क्याचीही झळ नाही. म्हणूनच ज्या टीमची कॅनरी आणि माघारीची व्यवस्था पक्की असते, तिला त्याच बजेटमध्ये कितीतरी अधिक बदल सोडता येतात. सावधगिरीने वेग वाढतो तो असा.

बजेट संपले की काय करायचे, हे आधीच कागदावर असावे लागते. गूगलने नमुना म्हणून छापलेल्या धोरणात मागील चार आठवड्यांचे बजेट ओलांडले गेले, तर तातडीच्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून सर्व रिलीझ थांबतात. एकाच घटनेने बजेटचा 20 टक्क्यांहून जास्त भाग खाल्ला, तर तिचे सविस्तर विश्लेषण बंधनकारक. उलट महिनाअखेर बजेट भरपूर शिल्लक राहत असेल, तर टीम गरजेपेक्षा हळू चालली आहे असे समजावे आणि धाडसी बदल हाती घ्यावेत.

महिनाअखेरीची वाट बघत बसणे परवडत नाही, म्हणून ‘बर्न रेट’ मोजतात. बजेट बरोबर 30 दिवसांत संपेल असा वेग म्हणजे 1. तासभर 14.4च्या वेगाने ते जळाले, तर 2 टक्के संपते, आणि एवढ्यावर ड्युटीवरच्या माणसाला उठवावे असा प्रघात आहे. वरच्या सदोष रिलीझचा वेग 200 होता. तिथे अलार्म काही मिनिटांत वाजायला हवा.

हा हिशेब लहान सेवेवर मात्र फसतो. तासाला दहाच विनंत्या येत असतील, तर महिन्याच्या 7,200 विनंत्यांवर फक्त सात चुका माफ. एक विनंती फसली की त्या तासाचा बर्न रेट थेट 100, आणि कुणाचे फारसे बिघडलेले नसताना पहाटे तीनला फोन वाजतो. अशा वेळी काही टीम कृत्रिम विनंत्या सोडून मोजणी दाट करतात, काही अनेक छोट्या सेवांचा हिशेब एकत्र मांडतात. पुष्कळदा मात्र 99.9चा आकडाच कुणी विचार न करता लिहिलेला असतो आणि तो 99वर आणला तरी वापरणाऱ्याची तक्रार येत नाही.