बायोडाटातली बचत खरी किती?

रायपूरच्या पंडरी भागातील कापड बाजारात ठोक खरेदी करणाऱ्याला दुकानदार पहिला भाव कधीच शेवटचा म्हणून सांगत नाही. घरच्या लग्नाचा बस्ता बांधणाऱ्या गृहिणीलाही हे ठाऊक असते. पण हीच घासाघीस एखाद्या संस्थेचा खरेदी अधिकारी करतो आणि पुढे नोकरीसाठी बायोडाटा लिहितो, तेव्हा एक अवघड प्रश्न उभा राहतो : वाचवले ते नक्की किती?

समजा, रायपूरमधील एका खाजगी रुग्णालयात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या तरुणीला वर्षभरासाठी ४,००० चादरी घ्यायच्या आहेत. गेल्या वर्षी हीच चादर ३१० रुपयांना पडली होती. यंदा तिने तीन दुकानांकडून दरपत्रके मागवली. कर सोडून भाव आले ३४०, ३२२ आणि ३१६. सर्वांत कमी भाववाल्याशी ती बोलायला बसली. दर तीन महिन्यांनी वेगळी मागणी देण्याऐवजी तिने वर्षाची मागणी एकदम नक्की केली, माल मात्र चार हप्त्यांत मागितला आणि ३० दिवसांत पैसे देण्याचे कबूल केले. भाव २९५ वर आला.

एकाच सौद्याचे तीन आकडे

आता बायोडाटात काय लिहायचे? ३४० मधून २९५ वजा केले, तर चादरीमागे ४५ रुपये, म्हणजे १ लाख ८० हजारांची बचत दिसते. आकडा भरघोस आहे, पण पोकळ आहे. ३१६ चा भाव हातात असताना ३४० ने कोणी घेतलेच नसते.

गेल्या वर्षीच्या ३१० शी तुलना केली, तर बचत ६० हजार होते. हा हिशेब पटण्याजोगा आहे. पण गेल्या वर्षी दुकानदार माल रुग्णालयात पोहोचवून देत असे, यंदा गाडीभाडे रुग्णालयाच्या माथी आले. चादरीमागे ४ रुपये धरले, तर १६ हजार वजा होतात. हाती उरतात ४४ हजार, म्हणजे गेल्या वर्षीच्या १२ लाख ४० हजारांच्या खर्चावर सुमारे साडेतीन टक्के. बायोडाटात लिहावा तो हाच आकडा, कारण तो जुन्या आणि नव्या बिलांवरून कोणालाही ताडून पाहता येतो.

त्यातही माल तोच असायला हवा. कापड विरळ झाले आणि चादर दोन धुण्यांत आटून गादीखाली खोचता येईनाशी झाली, तर स्वस्ताई अंगाशी येते. म्हणून माल उतरवून घेताना काही चादरी तोलून, धुऊन, मापून पाहिल्याची नोंद ठेवावी लागते. बचतीचा तोही एक पुरावा असतो.

ऑर्डरी किती आणि का?

'वर्षाला ४०० खरेदी आदेश काढले' ही ओळ कामाचा पसारा दाखवते, पण एकटी असली तर शंकाही निर्माण करते. अनेक संस्थांत ठरावीक रकमेवरील खरेदीला तीन दरपत्रके आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. ती टाळण्यासाठी एकच मोठी मागणी चार तुकड्यांत फोडण्याची पळवाट जुनी आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत अशी तुकडेबाजी स्पष्टपणे मना केलेली आहे. एकाच दुकानदाराला, एकाच आठवड्यात, मर्यादेच्या जरा खालच्या रकमेचे आदेश गेलेले दिसले, की तपासनीसाची पेन्सिल तिथेच थांबते. या तरुणीने आदेश एकच काढला आणि माल चार हप्त्यांत घेतला. मंजुरी पूर्ण रकमेवर घेतली गेली. म्हणून आदेशांच्या संख्येबरोबर त्यांची एकूण रक्कमही लिहावी.

'नियमांचे काटेकोर पालन' हे शब्दही असेच मोघम असतात. त्याऐवजी कोणता नियम पाळला आणि कागद कोणता आहे, ते सांगावे.

मग तिच्या बायोडाटातील नोंद अशी होईल :

'चादरींची वार्षिक खरेदी, ४,००० नग. तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता करून पूर्ण रकमेवर मंजुरी घेतली. एकत्रित मागणी व ३० दिवसांत पैसे या अटींवर दर ३१० वरून २९५. गाडीभाडे वजा जाता बचत ४४ हजार रुपये, साडेतीन टक्के. मालाची तपासणी नोंदवली.'

यात दुकानाचे नाव नाही, हे लक्षात घ्या. कोणत्या व्यापाऱ्याने कोणता भाव दिला, ही जुन्या मालकाची गोपनीय बाब आहे. ती उघड करणारा उमेदवार उद्या आपलेही भाव बाहेर सांगेल, असे नव्या मालकाला वाटले तर नवल नाही.

मुलाखतीत बहुधा पहिला प्रश्न येईल, 'ही बचत कशाच्या तुलनेत?' १ लाख ८० हजार लिहिणाऱ्याला इथे अडखळावे लागेल. ४४ हजार लिहिणारी मात्र कागद पुढे न करताही हिशेब तोंडी मांडू शकेल.