सलाइनमधून औषधे चालू आहेत, मग शस्त्रक्रिया कशासाठी?

शिरेतून एकाच वेळी तीन प्रतिजैविके सुरू आहेत, त्यांतले क्लिंडामायसिन तर धावपळ करून मिळवलेले आहे, आणि तरीही मध्यरात्री शल्यचिकित्सक संमतिपत्र पुढे करून पायाची मोठी शस्त्रक्रिया तातडीने करावी लागेल असे सांगतात. अशा वेळी कोणत्याही कुटुंबाच्या ओठांवर एकच प्रश्न येतो : एवढी भारी औषधे चालू आहेत, तर सकाळपर्यंत वाट पाहून का चालणार नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असेल, तर त्या रात्रीचे काही तास वाचतात, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

या आजाराला वैद्यकात नेक्रोटायझिंग सॉफ्ट टिश्यू इन्फेक्शन म्हणतात. त्वचेखालचे मऊ थर कुजवणारा हा जंतुसंसर्ग आहे. वृत्तपत्रे त्याला ‘मांसभक्षक जीवाणू’ असे नाव देतात. नाव भीतिदायक असले तरी दिशाभूल करणारे आहे, कारण जीवाणू मांस खात नाहीत. ते विष सोडतात आणि त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पाडतात. मांस मरते ते त्यामुळे.

आपल्या चांदूर बाजारच्या संत्रापट्ट्यात हे समजावणे तसे सोपे आहे. संत्र्याची साल म्हणजे त्वचा, तिच्याखालचा पांढरा मऊ थर म्हणजे चरबी, फोडीवरचा पातळ पापुद्रा म्हणजे स्नायूंवरचा पडदा आणि आतली फोड म्हणजे स्नायू. त्या पापुद्र्याला वैद्यकात फॅशिया म्हणतात. या आजारात जंतू बहुधा याच पडद्याच्या थरातून पसरतात, कारण तेथे त्यांना आडकाठी करणारे फारसे काही नसते. सालीवर लहानसा डाग दिसावा आणि सोलल्यावर निम्मे फळ आतून सडलेले निघावे, तसा हा प्रकार असतो.

एका रुग्णाची वाटचाल पाहू. तिच्यातले तपशील एकाच माणसाचे नाहीत, अशा रुग्णांत नेहमी आढळणारे आहेत. पन्नाशीचा शेतकरी, दहा वर्षांचा मधुमेह. वावरात अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडला. दुसऱ्या दिवशी घोट्याजवळ लाली आली. घरच्यांनी धावरे समजून लेप लावला आणि कोठून तरी वेदनाशामक इंजेक्शनही घेतले. तिसऱ्या दिवशी सायंकाळी तो दवाखान्यात येतो आणि म्हणतो, “साहेब, सूज तं एवढीशीच हाये, पण पाय लय ठणकून रायला.”

हे वाक्य कोणत्याही डॉक्टरला सावध करणारे आहे. साध्या धावऱ्यात किंवा सेल्युलायटिसमध्ये जेवढी लाली तेवढेच दुखणे असते. येथे मात्र लाली घोट्यापुरती आणि हात लावू न देणारी वेदना थेट पोटरीपर्यंत. त्वचा ताणलेली, चकचकीत. बोटाने दाबल्यास लाकडासारखी टणक लागणारी. ताप १०१, नाडी मिनिटाला १२४, रक्तदाब ९६/६०, रक्तातील साखर ३८०. म्हणजे दिसणारी जखम लहान, पण माणूस मात्र खूप आजारी. लालीच्या कडेने बॉलपेनाने रेघ मारून तिच्याशेजारी वेळ लिहिली, तर पाऊण तासात लाली त्या रेघेच्या दोन बोटे पलीकडे गेलेली दिसते. ही रेघ मारण्याची युक्ती घरी करण्याजोगी आहे. मात्र वरील लक्षणे असतील, तर रेघ ओलांडली जाते की नाही हे पाहत घरी थांबू नये.

दोन गोष्टी येथे फसवतात. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने पायाची संवेदना बोथट झालेली असते, त्यामुळे काहींना वेदना जाणवतच नाही. आणि आतील मज्जातंतू मेले की सुरुवातीचा असह्य ठणका अचानक थांबतो. घरच्यांना वाटते, उतार पडला. प्रत्यक्षात त्वचा जांभळी पडू लागलेली असते, तिच्यावर पाण्याचे किंवा रक्ताळलेले फोड येतात आणि तो भाग बधिर होतो. वेदनाशामक इंजेक्शनेही असाच खोटा दिलासा देतात.

अशा रुग्णासाठी गावातल्या दवाखान्यात करण्यासारखे थोडेच असते, पण ते झटपट करावे लागते. शिरेतून सलाइन, हाताशी असलेल्या योग्य प्रतिजैविकांची पहिली मात्रा, पुढच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकाला फोन आणि वेळा लिहिलेली चिठ्ठी. मग तडक अमरावती. येथे रात्रभर ठेवून ‘औषधाचा गुण येतो का ते पाहू’ म्हणणे म्हणजे त्या रात्रीची किंमत रुग्णाच्या पायाने, कदाचित प्राणाने मोजणे.

आता औषधांकडे वळू. सुरुवातीला कोणते जंतू आहेत हे ठाऊक नसते. मधुमेही रुग्णात बहुधा अनेक जातींचे जंतू एकत्र सापडतात, त्यांत आतड्यातले आणि प्राणवायूविना वाढणारेही असतात. काही रुग्णांत एकटा ‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस’ हे सारे घडवून आणतो. जंतुपरीक्षेचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढी सवड नसते. म्हणून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम यांसारखे व्यापक औषध, सहज न दबणाऱ्या स्टॅफिलोकोकससाठी व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड, आणि जोडीला क्लिंडामायसिन असा तिहेरी मारा एकाच वेळी सुरू करतात.

क्लिंडामायसिनच का? याचे उत्तर उंदरांवरील एका जुन्या प्रयोगात आहे. १९५२ साली हॅरी ईगल या अमेरिकी संशोधकाने दाखवले, की स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होताच पेनिसिलिन दिले तर उंदीर वाचतात. परंतु काही तास उशीर झाला, तर तेच पेनिसिलिन निष्प्रभ ठरते. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधे जीवाणूच्या भिंतीवर घाला घालतात, तोही जीवाणू वाढताना नवी भिंत बांधत असतो तेव्हा. जंतूंची दाटी झाली की त्यांची वाढ मंदावते, भिंतीचे बांधकाम थंडावते आणि औषधाला काम उरत नाही. मात्र तेच सुस्त जंतू विष बनवू शकतात. क्लिंडामायसिन भिंतीकडे जातच नाही. जीवाणूच्या आत प्रथिने तयार होतात तेथे ते अडथळा आणते, आणि ही विषेही प्रथिनेच असल्याने त्यांची निर्मिती थांबते. १९८०च्या दशकात डेनिस स्टीव्हन्स व सहकाऱ्यांनी उंदरांवरच दाखवले, की उपचारास उशीर झाल्यावरही क्लिंडामायसिनचा उपयोग होतो. प्रौढांना साधारणतः ६०० ते ९०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, शिरेतून देतात.

मात्र या औषधाला मर्यादा आहेत. आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि काही स्ट्रेप्टोकोकस व स्टॅफिलोकोकस त्याला दाद देत नाहीत. म्हणून ते एकटे कधीच द्यायचे नसते. घरात उरलेल्या त्याच्या कॅप्सूल पायाच्या दुखण्यावर घेणे तर मुळीच नको; त्याने गंभीर स्वरूपाचे जुलाबही लागू शकतात.

आता मूळ प्रश्न. औषध रक्तातून जाते. त्वचेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खालून, त्या पडद्यातून वर येतात. या आजारात नेमक्या त्याच वाहिन्यांत गुठळ्या होतात. ठिबकच्या नळीत गाळ अडकला की मोटार कितीही जोराने चालवा, पुढचे झाड कोरडेच राहते. मेलेल्या भागात रक्त नाही, म्हणून तेथे औषधही नाही. जंतू तेथे निर्धास्त वाढत राहतात आणि कडेच्या जिवंत भागात विष सोडतात. मात्रा दुप्पट केली तरी बंद वाहिनी उघडत नाही. प्रतिजैविक रक्तातल्या आणि कडेच्या जिवंत भागातल्या जंतूंना रोखते. मेलेला भाग काढण्याचे काम केवळ शस्त्रच करू शकते.

याचा पुरावा प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात सापडतो. फ्रँक मेलेनी या शल्यचिकित्सकाने १९२४ साली पेकिंगमधल्या अशा वीस रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पेनिसिलिनचा शोध तेव्हा चार वर्षे दूर होता. तरीही लवकर आणि मोठे छेद घेऊन त्यांतले बहुसंख्य रुग्ण वाचले. याउलट, आजची सर्व औषधे देऊनही शस्त्रक्रिया न केलेले रुग्ण क्वचितच वाचतात. अनेक अभ्यास एकत्र करून २०२० साली मांडलेल्या आढाव्यात, सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १९ टक्के, तर त्यानंतर झालेल्यांत ३२ टक्के आढळले.

आपला शेतकरी रात्री दहाला अमरावतीत पोहोचतो. रक्त तपासणीला जाते. सीटी स्कॅनची चर्चा होते, पण आजाराची शंका दाट असेल तर त्यासाठी शस्त्रक्रिया थांबवत नाहीत. क्ष-किरण चित्रात वायू दिसला नाही म्हणून हा आजार नाही, असेही ठरत नाही. शंका मिटवण्याची खात्रीची रीत सरळ आहे. भूल देऊन सुमारे दोन सेंटिमीटरचा छेद पडद्यापर्यंत घेतात आणि आत बोट घालतात. निरोगी शरीरात थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, बोट पुढे जात नाही. येथे ते विनासायास सरकते, रक्त येत नाही, आणि भांडी धुतलेल्या पाण्यासारखा करडा, वास मारणारा द्रव बाहेर येतो. पांढरा चकचकीत असायला हवा तो पडदा मळकट व ढिला दिसतो.

मग छेद वाढवत नेतात. थांबायचे कोठे, याची खूण एकच : कापल्यावर ताजे लाल रक्त येऊ लागले पाहिजे आणि थर बोटाला विरोध करू लागले पाहिजेत. म्हणून वरून घोट्यापुरत्या दिसणाऱ्या आजाराची जखम गुडघ्यापर्यंत जाते, आणि नातेवाइकांना ती पाहून धक्का बसतो. जखम शिवत नाहीत. चोवीस तासांच्या आसपास पुन्हा भूल देऊन पाहतात, कारण पहिल्या वेळी जिवंत वाटलेला भाग नंतर मेलेला निघू शकतो. पुन्हा नेणे म्हणजे पहिली शस्त्रक्रिया फसली असा अर्थ काढू नये. अशा दोन-तीन फेऱ्या गृहीतच धरलेल्या असतात.

साधनसामग्रीने संपन्न देशातही हा आजार कोणाला सवलत देत नाही. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले एरिक कॉर्नेल यांना २००४ साली अमेरिकेत हाच आजार झाला. त्यांचा जीव वाचवण्यासाठी डावा हात खांद्यासह काढावा लागला. पुढच्या वर्षी ते कामावर परतले.

आपल्या रुग्णाच्या जखमेत स्ट्रेप्टोकोकस आणि आतड्यातला एक जंतू, असे दोन सापडले. तीन शस्त्रक्रिया झाल्या, दोन बोटे गेली, पाय राहिला. नाडी, रक्तदाब स्थिरावल्यावर चौथ्या दिवशी क्लिंडामायसिन थांबवले. आणखी काही कापायचे उरले नाही आणि ताप उतरून दोन-तीन दिवस झाले, तेव्हा उरलेली प्रतिजैविकेही बंद केली. जखम लालबुंद, दाणेदार झाल्यावर मांडीची त्वचा घेऊन तिच्यावर बसवली. सहाव्या आठवड्यात तो काठी टेकत घरी गेला. सोबत इन्सुलिन आणि दोन्ही पायांत घालायचे, बंद तोंडाचे बूट.