कोणाला किती सांगायचं?

भोसरीतल्या एका सीएनसी शॉपमध्ये शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर आधी मशीनकडे बघत नाहीत, सायकल स्टार्ट दाबणाऱ्याच्या हाताकडे बघतात. आयटीआयमधून आलेला नवा मुलगा बिनधास्त दाबतो. तीन महिने झालेला मुलगा रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवतो आणि बोट फीड होल्डवरून काढत नाही.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार इथे रोज दिसतो: माणसाला ते काम किती येतं आणि स्वतःवर त्याचा किती भरवसा आहे, हे पाहून नेतृत्वाची पद्धत ठरवायची.

नव्याला उत्साह असतो, कौशल्य नसतं. त्याला सरळ सांगतात, "पहिला पीस काढ, मायक्रोमीटरने माप, मला दाखव. तोवर दुसरा लावायचा नाही." त्याचं मत विचारत बसत नाहीत.

खरी कसोटी तीन महिन्यांच्या मुलाची. शाफ्टचा व्यास २५.०० हवा, टॉलरन्स ०.०२ मिलिमीटरचा. इन्सर्ट झिजला आणि माप २५.०३ आलं. ऑफसेटमध्ये उणे ०.०३ घालायचे, त्याने अधिक घातले. पुढचा पीस २५.०६. जास्तीचं मटेरियल पुन्हा कापता आलं, पण मुलाने ऑफसेटला हात लावणंच सोडलं. त्याला पहिल्या दिवसापेक्षा जास्त येतं, पण धीर कमी झालाय. बरेच सुपरवायझर इथे एक तर ओरडतात, नाही तर ऑफसेट स्वतःच घालून मोकळे होतात. हे सुपरवायझर मात्र शेजारी उभे राहिले.

"माप वाढलं की कमी झालं?"

"वाढलं, सर."

"मग टूल कुठे जायला हवं?"

"आत... म्हणजे उणे."

"घाल. मी बघतोय."

सूचना आहे, पण कारणासकट आणि पाठीशी उभं राहून.

चार वर्षं झालेला ऑपरेटर सेटिंग नीट करतो, तरी "सर, चालू करू ना?" विचारायला येतो. त्याला उत्तर देत नाहीत. "तुला काय वाटतं?" विचारतात आणि तो म्हणेल ते करू देतात. इथे सूचना दिल्या, तर विचारायची सवय पक्की होते.

जुन्या सेटरकाकांना मात्र ड्रॉइंग, नग आणि वेळ एवढंच सांगतात.

मग लाइव्ह टूलिंगचं नवं मशीन आलं आणि काका कंट्रोलसमोर गप्प उभे राहिले. "काका अनुभवी आहेत, बघून घेतील," हे ऐकायला आदराचं, प्रत्यक्षात त्यांना वाऱ्यावर सोडणारं. सुपरवायझरनी पहिला प्रोग्रॅम त्यांच्यासोबत ओळीओळीने चालवला. दुपारी जुन्या लेथवर पुन्हा फक्त ड्रॉइंग दिलं. पायरी माणसाची नसते, त्या कामातल्या माणसाची असते.

या सिद्धांताला संशोधनाचा आधार सगळीकडे सारखा मिळालेला नाही; नवख्यांना स्पष्ट सूचना द्याव्यात, हा भाग त्यातल्या त्यात पक्का. बाकीच्यांच्या बाबतीत अंदाज चुकू शकतो. म्हणून हे सुपरवायझर एखाद्याला मोकळं सोडल्यावरही तासाभराने त्याचा मापाचा तक्ता बघतात, आणि आकडे एका बाजूला सरकत असतील तर पुन्हा जवळ येऊन उभे राहतात.