पहिल्या विक्रीआधी झालेला खर्च कुठे लिहायचा? डाळ मिलच्या उदाहरणावरून समजून घ्या

गावात शेतकरी उत्पादक कंपनी निघते, सभासद शेअरचे पैसे भरतात, शेड उभं राहतं, मशीन येते. पण पहिलं पोतं डाळ विकायच्या आधीच बरेच पैसे गेलेले असतात. कंपनीची नोंदणी, प्रकल्प अहवाल, वकील, मशीनचं भाडं-हमाली, कर्जाचं व्याज, वॉचमनचा पगार. वर्ष संपल्यावर सभेत सभासद विचारतात, "विक्री तर आत्ता सुरू झाली, मग एवढा तोटा आला कुठून?" आणि सीए विचारतो, "यातलं कुठलं बिल कशाचं?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. विक्रीआधीचा सगळा खर्च एकाच जातीचा नसतो. त्याचे चार ढीग पडतात आणि प्रत्येक ढिगाचा हिशेब वेगळा.

समजा, एका कंपनीची जूनमध्ये नोंदणी झाली. तुरीची डाळ मिल टाकायची ठरली. १० डिसेंबरला मशीन बसून, वीज जोडून, चाचणी होऊन मिल तयार झाली. नवी तूर आल्यावर २० जानेवारीला पहिली डाळ विकली.

पहिला ढीग : मशीनला चिकटणारा खर्च

मशीनची किंमत २१ लाख. गाडीभाडं आणि उतरवणी ६० हजार, फाउंडेशन ८० हजार, फिटिंग ४० हजार. मशीनसाठी काढलेल्या कर्जाचं, मशीन चालू होईपर्यंतचं व्याज १ लाख २० हजार. हे सगळं मशीनच्याच किमतीत धरायचं, म्हणजे वहीत मशीन २४ लाखांची. व्याज वेगळा खर्च म्हणून लिहायचं नाही.

हा पैसा घसाऱ्यातून वजा होतो. आयकरात साध्या मशीनला वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. पण पहिल्या वर्षी मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. आपल्या उदाहरणात मिल हिवाळ्यात चालू झाली, म्हणून पहिल्या वर्षी ३ लाख ६० हजारांऐवजी १ लाख ८० हजार. उरलेला पैसा बुडत नाही, पुढच्या वर्षांत घसारा मिळत राहतो.

दुसरा ढीग : प्राथमिक खर्च

कंपनीचे नियम-दस्तऐवज तयार करणे आणि नोंदणी फी ४० हजार, प्रकल्प अहवाल ६० हजार, बाजार पाहणी ३० हजार, करारनाम्यासाठी वकील २० हजार. एकूण दीड लाख. १९६१ च्या आयकर कायद्यात यासाठी कलम ३५डी आहे. हा खर्च पाच सारख्या हप्त्यांत, धंदा सुरू झाला त्या वर्षापासून वजा करायचा. म्हणजे दरवर्षी ३० हजार.

याला मर्यादा आहे. शेड, मशीन, फर्निचर वगैरे प्रकल्पाच्या एकूण किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंतच हा खर्च धरतात. कंपनीला त्याऐवजी गुंतलेल्या भांडवलाच्या ५ टक्के हा पर्यायही घेता येतो. इथे शेड १४ लाख, मशीन २४ लाख, काटा आणि फर्निचर २ लाख, मिळून ४० लाख. त्याचे ५ टक्के २ लाख, म्हणून दीड लाख पूर्ण बसतो. तोच खर्च अडीच लाख असता तर वरचे ५० हजार करात सुटले नसते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कायद्याने ठरवलेल्या खर्चांनाच हा पाच हप्त्यांचा नियम लागतो. उद्घाटनाचा मंडप यात घुसडता येत नाही. दुसरं, प्रकल्प अहवाल, बाजार पाहणी अशा खर्चाचं एक वेगळं विवरणपत्र रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी भरावं लागतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, तेवढं सीएकडून पाहून घ्या.

तिसरा ढीग : तयार झाल्यावरचा खर्च

१० डिसेंबर ते २० जानेवारी मिल तयार होती, पण विक्री नव्हती. या काळात ऑपरेटरचा पगार, वॉचमन, वीजबिल, जाहिरात मिळून ७५ हजार गेले. बऱ्याच जणांना वाटतं की विक्री नाही तर खर्चही धरता येणार नाही. तसं नाही. धंदा उभा राहणे आणि धंदा सुरू होणे यांत फरक आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९५४ मध्येच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या खटल्यात सांगितलं. धंदा चालू करण्याइतका तयार झाला की त्यानंतरचा रोजचा खर्च वजा होतो, मग विक्री थोडी उशिरा का होईना. म्हणून हे ७५ हजार त्याच वर्षी पूर्ण वजा.

यासाठी 'तयार' झाल्याची तारीख कागदावर दाखवता आली पाहिजे. वीजजोडणीचं पत्र, मशीनवाल्याचा चाचणी अहवाल, अन्न परवाना, संचालक मंडळाचा ठराव, हे एका फाइलीत लावून ठेवा.

चौथा ढीग : अधांतरी राहणारा

जून ते डिसेंबर ऑफिसच्या खोलीचं भाडं २४ हजार, सचिवाचं मानधन ४८ हजार, चहापाणी आणि जिल्ह्याच्या खेपा १८ हजार. हे ९० हजार मशीनला चिकटत नाहीत, ३५डीच्या यादीत बसत नाहीत आणि मिल तयार होण्याआधीचे आहेत. कंपनीच्या वहीत ते खर्चच आहेत, पण आयकरात सहसा सुटत नाहीत. मिल जितकी रखडते तितका हा ढीग वाढतो. वीजजोडणी तीन महिने लांबली तर फक्त भाडं आणि मानधनाचेच ३६ हजार यात पडतात.

वहीतला तोटा आणि करातला तोटा

आता सभासदांचा प्रश्न. पूर्वी कंपन्या प्राथमिक खर्च ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवून थोडा थोडा काढत. आताच्या लेखा मानकांप्रमाणे तो झाला त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात टाकावा लागतो. म्हणजे वहीत दीड लाख एकदम, करात ३० हजार. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून कुणी पैसे खाल्ले असं होत नाही. सभेत चार ढिगांचा तक्ता वाचून दाखवला तर शंका राहत नाही.

करात तोटा आला तर धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न वेळेत भरलं तरच. आणि पाच हप्ते नफ्याची वाट पाहत नाहीत. तोटा असला तरी त्या वर्षीचा ३० हजारांचा हप्ता त्याच वर्षी धरायचा.

नेमकं कुठे अडतं

नोंदणीआधी पैसे प्रवर्तकाच्या खिशातून जातात. नोंदणी, वकील, छपाई असा थेट खर्च उत्पादक कंपनी प्रवर्तकांना परत देऊ शकते, पण पहिल्या सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ही सभा नोंदणीपासून ९० दिवसांत घ्यायची असते. तिथे बिलांसह यादी मांडली नाही तर पुढे वाद ठरलेला.

दुसरी अडचण रोखीची. एकाच माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले तर तो खर्च करात धरत नाहीत. मशीन किंवा फिटिंगसाठी दिले असतील तर तेवढी रक्कम घसाऱ्याच्या किमतीतूनही जाते. वरच्या उदाहरणात फाउंडेशनचे ८० हजार गवंड्याला एकरकमी रोख दिले असते, तर मशीन २४ ऐवजी २३ लाख २० हजारांचीच धरली असती.

आणि एकटा माणूस छोटी चक्की टाकून उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने, म्हणजे ४४एडीप्रमाणे, कर भरत असेल, तर त्याला यातलं काहीच वेगळं वजा करता येत नाही. त्या टक्क्यात सगळा खर्च आलाच असं कायदा धरतो. मशीनवर मोठा पैसा घालण्याआधी कुठला मार्ग परवडतो, हे त्याने सीएबरोबर बसून काढावं.